विहिरीच्या पाणीपातळीचा आलेख मध्येच शून्यावर का जातो? रिकाम्या नोंदी आणि स्प्रेडशीटमधील रेषा आलेख



विहिरीच्या पाण्याची पातळी दर आठवड्याला मोजून ती वहीत लिहिण्याची सवय अनेक बागायतदारांनी लावून घेतली आहे. आता हीच नोंद पुष्कळजण संगणकावर स्प्रेडशीटमध्ये ठेवतात आणि तिचा रेषा आलेख काढतात. पाणी कोणत्या महिन्यापासून झपाट्याने उतरू लागले आणि उन्हाळी पिकाला ते पुरेल की नाही, हे आकड्यांच्या यादीपेक्षा आलेखावरून लवकर कळते. मात्र सण, लग्नकार्य, आजारपण किंवा बाहेरगावी जाणे यामुळे एखाद्या आठवड्याची नोंद राहून जाते. अशा वेळी आलेखात कधी रेषा तुटलेली दिसते, कधी ती एकदम शून्यावर जाऊन परत येते, तर कधी नोंद नसतानाही सरळ जोडलेली दिसते.

पाणीपातळीच्या बाबतीत हा दोष साधा नाही. आपण पातळी जमिनीपासून खाली किती मीटर अशी मोजतो. त्यामुळे शून्य मीटर म्हणजे विहीर जमिनीच्या पातळीपर्यंत काठोकाठ भरलेली आहे असा अर्थ होतो. ज्या आठवड्यात आपण मोजलेच नाही, त्या आठवड्यात विहीर भरली होती असे आलेख सांगू लागला, तर त्यावरून ठरविलेले पिकाचे क्षेत्र चुकणारच. म्हणून असे का होते आणि ते आपल्या ताब्यात कसे ठेवावे, हे एका उदाहरणाने पाहू.

उदाहरणासाठी घेतलेली नोंद

समजा एका विहिरीची पातळी दर सोमवारी सकाळी, पंप सुरू करण्यापूर्वी मोजली आहे. टेप कठड्याच्या वरच्या काठापासून सोडला जातो. कठडा जमिनीपासून ०.७५ मीटर उंच आहे. म्हणून टेपवर आलेल्या आकड्यातून ०.७५ वजा केले म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. सन २०२४ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील बारा सोमवार तक्त्यात दिले आहेत. दिवाळीमुळे २८ ऑक्टोबर व ४ नोव्हेंबरची आणि अन्य कारणाने १८ नोव्हेंबरची नोंद झालेली नाही. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

| ओळ | दिनांक (रकाना A) | टेपवरील आकडा, मीटर (रकाना B) | जमिनीपासून खोली, मीटर (रकाना C) |
|---|---|---|---|
| २ | ७ ऑक्टोबर | ३.९५ | ३.२० |
| ३ | १४ ऑक्टोबर | ४.१० | ३.३५ |
| ४ | २१ ऑक्टोबर | ४.३० | ३.५५ |
| ५ | २८ ऑक्टोबर | नोंद नाही | – |
| ६ | ४ नोव्हेंबर | नोंद नाही | – |
| ७ | ११ नोव्हेंबर | ५.१५ | ४.४० |
| ८ | १८ नोव्हेंबर | नोंद नाही | – |
| ९ | २५ नोव्हेंबर | ५.९० | ५.१५ |
| १० | २ डिसेंबर | ६.३५ | ५.६० |
| ११ | ९ डिसेंबर | ६.८० | ६.०५ |
| १२ | १६ डिसेंबर | ७.२० | ६.४५ |
| १३ | २३ डिसेंबर | ७.६५ | ६.९० |

पहिल्या ओळीत रकान्यांची नावे आहेत. छापील तक्त्यात "नोंद नाही" असे लिहिले असले तरी संगणकावर B5, B6 आणि B8 हे तीन सेल पूर्ण मोकळे सोडले आहेत असे समजावे. खाली दिलेली कृती एक्सेलची आहे. लिब्रेऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांसाठी शेवटी वेगळी माहिती दिली आहे.

सेल खरोखर रिकामा असेल तर

प्रथम फक्त A आणि B या दोन रकान्यांचा आलेख काढून पाहावा. A1 ते B13 निवडून "Insert" मधील साधा रेषा आलेख, म्हणजे "Line", घ्यावा. एक्सेल रिकाम्या सेलच्या जागी काहीच काढत नाही, त्यामुळे रेषा २१ ऑक्टोबरला थांबते आणि पुढे खंड दिसतो. जिथे मोजमाप नाही तिथे रेषा नाही, म्हणून हे चित्र प्रामाणिक आहे.

परंतु या चित्रात एक गोष्ट हरवते. ११ नोव्हेंबरला आपण पातळी मोजली होती, तरीही तो आकडा आलेखात कोठेच दिसत नाही. रेषा काढण्यासाठी शेजारी शेजारी दोन आकडे लागतात. ११ नोव्हेंबरच्या आधीचा आठवडा रिकामा आहे आणि नंतरचाही रिकामा आहे. एकट्या पडलेल्या आकड्याला जोडण्यास कोणीच नसल्यामुळे रेषा तयार होत नाही. म्हणून खंड असलेल्या नोंदीसाठी नेहमी ठिपक्यांसह रेषा, म्हणजे "Line with Markers" हा प्रकार निवडावा. मग ११ नोव्हेंबरचा ठिपका एकटा का होईना, पण जागेवर दिसतो.

खंड, शून्य की जोडरेषा?

रिकाम्या सेलचे काय करावयाचे हे एक्सेल आपल्याला ठरवू देते. त्यासाठी आलेखावर माउसचे उजवे बटण दाबून "Select Data" निवडावे. उघडलेल्या चौकटीत खाली डाव्या बाजूस "Hidden and Empty Cells" हे बटण असते. ते दाबल्यावर "Show empty cells as" या शीर्षकाखाली तीन पर्याय येतात: "Gaps" म्हणजे खंड, "Zero" म्हणजे शून्य आणि "Connect data points with line" म्हणजे आधीचा व नंतरचा आकडा सरळ रेषेने जोडणे. हवा तो पर्याय निवडून दोन्ही चौकटींत "OK" करावे. ही निवड संपूर्ण आलेखाला लागू होते. एकाच आलेखात दोन विहिरी दाखविल्या असतील, तर एकीला खंड आणि दुसरीला जोडरेषा असे येथून करता येत नाही.

यातील कोणता पर्याय घ्यावा हे नोंद कशाची आहे यावर ठरते. पाणीपातळीसाठी "Zero" कधीही घेऊ नये. न मोजलेल्या दिवशी विहीर काठोकाठ भरली होती असे ते म्हणणे होते. पाऊस नसताना, पंपाच्या नेहमीच्या उपशाने पातळी सावकाश उतरत असेल आणि एखाद-दुसराच आठवडा राहिला असेल, तर जोडरेषा चालते. आपल्या उदाहरणात २१ ऑक्टोबरचे ३.५५ आणि ११ नोव्हेंबरचे ४.४० हे दोन आकडे जोडले, तर रेषा २८ ऑक्टोबरला सुमारे ३.८३ आणि ४ नोव्हेंबरला सुमारे ४.१२ मीटरवरून जाते. हे आकडे अंदाजाचे आहेत, मोजलेले नव्हेत. त्या दोन आठवड्यांत परतीचा पाऊस येऊन पाणी वर चढले आणि नंतर पुन्हा उतरले असेल, तर जोडरेषेला त्याचा पत्ता लागणार नाही. अशी शंका असेल तेथे खंडच ठेवावा.

शून्य हा पर्याय योग्य ठरावा अशा नोंदी फार थोड्या असतात. पावसाच्या नोंदीतही तो वापरू नये. पाऊस पडला नाही त्या दिवशी स्वतः ० टाइप करावे आणि पर्जन्यमापक पाहिलेच नाही त्या दिवशी सेल रिकामा सोडावा. शून्य हे मोजमाप आहे, रिकामा सेल हा मोजमापाचा अभाव आहे. हा फरक नोंद करतानाच राखला, तर पुढे आलेखात तो आपोआप राखला जातो.

सूत्र घातले की घोटाळा का होतो?

आता तिसऱ्या रकान्याकडे वळू. आपल्याला जमिनीपासूनची खोली हवी आहे, म्हणून बहुतेकजण C2 मध्ये पुढील सूत्र लिहून ते खाली ओढतात.

```
=B2-0.75
```

B मधील सेल रिकामा असला तर गणित करताना एक्सेल त्याची किंमत शून्य धरते. त्यामुळे C5, C6 आणि C8 मध्ये उणे ०.७५ हा आकडा येतो. आलेखात रेषा शून्याच्याही खाली जाते, म्हणजे पाणी जमिनीच्या वर पाऊण मीटर, अगदी कठड्याच्या काठापर्यंत आले असे दिसते. हे उघड चुकीचे असल्याने लगेच लक्षात येते. सरासरी मात्र गुपचूप बिघडते. खऱ्या नऊ नोंदींची सरासरी खोली ४.९६ मीटर आहे. हे तीन खोटे आकडे मिसळल्यावर ती ३.५३ मीटर होते. विहिरीत प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ दीड मीटर जास्त पाणी असल्याचा भास त्यातून होतो.

हा दोष घालविण्यासाठी थोडी माहिती असलेले लोक सूत्र असे बदलतात.

```
=IF(B2="","",B2-0.75)
```

याचा अर्थ, B रिकामा असेल तर काही दाखवू नको, नाही तर वजाबाकी कर. आता C5, C6 आणि C8 कोरे दिसतात. सरासरीही ४.९६ अशी बरोबर येते, कारण सरासरीचे सूत्र मजकूर वगळते. पण आलेख पाहिला तर त्या तिन्ही ठिकाणी रेषा नेमकी शून्यावर गेलेली असते. "Hidden and Empty Cells" मध्ये "Gaps" निवडलेले असले तरीही फरक पडत नाही.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. डोळ्याला कोरा दिसणारा सेल आणि एक्सेलच्या दृष्टीने रिकामा सेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या सेलमध्ये सूत्र आहे तो कधीच रिकामा नसतो. दोन अवतरणचिन्हे लागोपाठ लिहिली की सूत्राचे उत्तर "काही नाही" असे येत नाही, तर "एकही अक्षर नसलेला मजकूर" असे येते. रेषा आलेखाला मजकूर काढता येत नाही आणि तो मजकुराची किंमत शून्य धरतो. रिकाम्या सेलसाठी असलेले तीन पर्याय फक्त खऱ्या रिकाम्या सेलना लागू होतात, म्हणून येथे ते निष्प्रभ ठरतात. खात्री करावयाची असल्यास एखाद्या मोकळ्या जागी पुढील दोन सूत्रे लिहून पाहावीत.

```
=ISBLANK(C5)
=ISTEXT(C5)
```

पहिल्याचे उत्तर FALSE येते, म्हणजे सेल रिकामा नाही. दुसऱ्याचे उत्तर TRUE येते, म्हणजे आत मजकूर आहे.

योग्य सूत्र

नोंद उपलब्ध नाही हे एक्सेलला कळेल अशा भाषेत सांगण्यासाठी NA() हे कार्य दिलेले आहे. त्याचे उत्तर सेलमध्ये #N/A असे दिसते आणि रेषा आलेख त्या जागी शून्याचा ठिपका काढत नाही. C2 मध्ये पुढील सूत्र लिहून ते C13 पर्यंत ओढावे.

```
=IF(ISNUMBER(B2),B2-0.75,NA())
```

येथे B2 रिकामा आहे का असे न विचारता B2 मध्ये आकडा आहे का असे विचारले आहे. कोणी मोकळा सेल सोडण्याऐवजी तेथे आडवी रेघ, "नाही" असा शब्द किंवा चुकून स्पेस टाकली असली, तरी ती आकडा नसल्यामुळे उत्तर #N/A असेच येते.

#N/A च्या जागी रेषा तुटावी की जोडली जावी, हे एक्सेलच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि अलीकडच्या आवृत्त्यांत "Hidden and Empty Cells" च्या चौकटीत "Show #N/A as empty cell" अशी आणखी एक ओळ असते. तिच्यापुढे खूण असेल तर #N/A ला रिकाम्या सेलप्रमाणे वागविले जाते आणि वर सांगितलेला खंड किंवा जोडरेषा यांपैकी आपण निवडलेला पर्याय लागू होतो. जुन्या आवृत्त्यांत ही ओळ नाही. तेथे #N/A च्या जागी ठिपका येत नाही, पण आधीचा आणि नंतरचा आकडा मात्र सरळ रेषेने जोडला जातो, मग "Gaps" निवडलेले असो वा नसो. जुन्या आवृत्तीत खंडच हवा असेल, तर ज्या आठवड्यांची नोंद नाही त्या C5, C6 आणि C8 या सेलमधील सूत्र डिलीट करून ते खरोखर रिकामे करावेत. वर्षभराच्या बावन्न ओळींत असे चार-पाच सेल असतात. ते हाताने रिकामे करणे अवघड नाही.

#N/A वापरल्याने दोन गोष्टी बदलतात, त्यांची तजवीज करावी. पहिली म्हणजे AVERAGE हे सरासरीचे सूत्र आता आकडा न देता #N/A असेच उत्तर देते. म्हणून २०१० आणि त्यानंतरच्या एक्सेलमध्ये सरासरी पुढीलप्रमाणे काढावी.

```
=AGGREGATE(1,6,C2:C13)
```

यातील १ म्हणजे सरासरी आणि ६ म्हणजे चुकीच्या किमती वगळणे. उत्तर ४.९६ येते. दुसरी गोष्ट म्हणजे छापलेल्या तक्त्यात #N/A चांगले दिसत नाही. C2 ते C13 निवडून "Conditional Formatting" मध्ये "New Rule" घ्यावा, सूत्राने नियम ठरविण्याचा प्रकार निवडून =ISNA(C2) लिहावे आणि अक्षरांचा रंग पांढरा द्यावा. सेलमध्ये #N/A तसेच राहते, फक्त कागदावर दिसत नाही.

काहीजण हा रकाना नको म्हणून लपवून टाकतात. तसे केल्यास आलेखातील रेषाच नाहीशी होते, कारण लपविलेल्या ओळी व रकाने आलेखात घेतले जात नाहीत. रकाना लपवायचाच असेल तर त्याच "Hidden and Empty Cells" च्या चौकटीत "Show data in hidden rows and columns" यापुढे खूण करावी.

मजकूर कोठे दडला आहे हे कसे ओळखावे?

घरात दोघे-तिघे आळीपाळीने नोंद करतात, तेव्हा राहिलेल्या नोंदीच्या जागी प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने काही ना काही टाइप करतो. टेपवरील आकड्यांचाच आलेख काढलेला असेल, तर आडवी रेघ किंवा स्पेस असलेल्या प्रत्येक जागी रेषा शून्यावर जाते. असे सेल शोधण्यासाठी पुढील दोन सूत्रांची उत्तरे ताडून पाहावीत.

```
=COUNT(B2:B13)
=COUNTA(B2:B13)
```

पहिले सूत्र फक्त आकडे मोजते. दुसरे रिकामा नसलेला प्रत्येक सेल मोजते. आपल्या नोंदीत दोन्हींचे उत्तर ९ आले पाहिजे. दुसरे उत्तर १० आले, तर एका सेलमध्ये आकड्याशिवाय दुसरे काहीतरी आहे असे समजावे. स्पेस डोळ्याला दिसत नाही, म्हणून संशयित सेलवर जाऊन "Delete" कळ दाबावी. सेल पुसण्यासाठी स्पेसची कळ दाबण्याची सवय मात्र सोडून द्यावी.

ओळच लिहिली नाही तर?

राहिलेल्या आठवड्याची ओळच काढून टाकली म्हणजे प्रश्न मिटला, असे काहींना वाटते. ओळ नसेल तर रिकामा सेलही नाही आणि त्यामुळे खंडही दिसणार नाही. २१ ऑक्टोबर आणि ११ नोव्हेंबर हे आकडे सरळ जोडले जातील आणि मधले दोन आठवडे मोजलेच नव्हते हे पुढच्या वर्षी कोणालाही कळणार नाही.

दिनांक जर मजकूर म्हणून टाइप झाले असतील तर याहून मोठा दोष होतो. दिनांक खरे असतील तर एक्सेल आडव्या अक्षावर तीन आठवड्यांचे अंतर तीन आठवड्यांइतकेच ठेवते. मजकूर असेल तर दोन शेजारच्या ओळी एकाच अंतरावर मांडल्या जातात. मग ०.८५ मीटरची घट तीन आठवड्यांऐवजी जणू एकाच आठवड्यात झाल्यासारखी उभी रेषा दिसते आणि पंपाने एकदम पाणी ओढले असा समज होतो. म्हणून प्रत्येक सोमवारची ओळ दिनांकासह लिहावी आणि फक्त मोजमापाचा सेल मोकळा सोडावा. नव्या टाइप केलेल्या सेलमध्ये दिनांक डाव्या बाजूला चिकटलेला दिसला तर तो बहुधा मजकूर असतो. खरा दिनांक आपोआप उजव्या बाजूला जातो.

दुरुस्त आलेखावरून निर्णय

आता दिनांक आणि C रकाना यांचा ठिपक्यांसह आलेख काढावा. A1 ते A13 निवडून कंट्रोल कळ दाबून धरावी, C1 ते C13 निवडावे आणि "Line with Markers" घ्यावा. वाचण्यास सोपे जावे म्हणून उभ्या अक्षावर उजवे बटण दाबून "Format Axis" मध्ये "Values in reverse order" यावर खूण करावी. त्यामुळे शून्य, म्हणजे जमीन, वर येते आणि पाणी उतरले की रेषाही खाली उतरते.

या आलेखात ऑक्टोबरमध्ये पाणी आठवड्याला १५ ते २० सेंटिमीटरने उतरताना दिसते. २५ नोव्हेंबरनंतर ते आठवड्याला ४० ते ४५ सेंटिमीटरने उतरू लागले, म्हणजे रब्बीचा उपसा त्या काळात पूर्ण जोरात होता. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नेमके काय झाले ते खंडामुळे सांगता येत नाही, आणि आलेखही तसे स्पष्ट दाखवितो. समजा ही विहीर जमिनीपासून ११.५ मीटर खोल आहे. २३ डिसेंबरला पाणी ६.९० मीटरवर आहे, म्हणजे तळाशी ४.६० मीटर पाण्याचा थर उरला आहे. आठवड्याला ०.४५ मीटर हा दर कायम राहिला, तर हे पाणी दहा आठवडे, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरेल. फूट व्हॉल्व्ह तळापासून वर असल्याने उपसा त्याआधीच बंद पडेल. जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेल्या उन्हाळी भुईमुगाला मे महिन्यापर्यंत पाणी लागते. तेव्हा या विहिरीवर तो पूर्ण क्षेत्रावर घेणे धोक्याचे आहे, हे डिसेंबरातच कळते.

हाच आलेख जर अवतरणचिन्हांच्या सूत्रावरून काढला असता, तर जमिनीपर्यंत वर चढलेली तीन टोके त्यात दिसली असती. उपसा थांबवला की विहीर आठवड्याभरात काठोकाठ भरते, म्हणजे झरा जोरदार आहे, असा अर्थ कोणीही काढला असता. पेरणी झाल्यावर, मार्चमध्ये, ती समजूत महागात पडली असती. आलेखात एखादे टोक नेमके शून्यावर टेकलेले दिसले, तर आधी त्या दिनांकाची वही उघडून पाहावी. तेथे आकडा नसेल तर दोष विहिरीत नसून सेलमध्ये आहे.

लिब्रेऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांसाठी

कॅल्कमध्ये आलेखावर दोनदा क्लिक करून तो संपादनासाठी उघडावा. नंतर रेषेवर उजवे बटण दाबून "Format Data Series" निवडावे आणि "Options" या पानावर जावे. तेथे "Plot missing values" या शीर्षकाखाली "Leave gap", "Assume zero" आणि "Continue line" असे तीन पर्याय असतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे खंड, शून्य आणि जोडरेषा असाच आहे. वर दिलेले ISNUMBER आणि NA() चे सूत्र येथेही जसेच्या तसे चालते. त्याच पानावर लपविलेल्या सेलमधील आकडे घेण्यासाठी "Include values from hidden cells" ही ओळ आहे.

येत्या हंगामाची नोंद सुरू करताना वर्षाचे सर्व सोमवार दिनांकासह आधीच लिहून ठेवावेत, B रकाना मोकळा ठेवावा आणि C मध्ये वरील सूत्र शेवटपर्यंत ओढून ठेवावे. मग मोजलेल्या आठवड्याचा आकडा टाइप करताच तो आलेखात येईल आणि राहिलेला आठवडा राहिलेला म्हणूनच दिसेल.